शेल सॉर्टचा गॅप कसा निवडायचा: इन्सर्शन सॉर्टपासून सुरुवात करून

डेटा स्ट्रक्चर्सच्या जर्नलमध्ये शेल सॉर्टचा प्रोग्रॅम बहुतेक वेळा `gap = n/2` या ओळीने सुरू होतो आणि दर फेरीला गॅप निम्मा होत जातो. प्रोग्रॅम चालतो, उत्तर बरोबर येतं, जर्नलवर सही मिळते. पण याच एका ओळीमुळे काही इनपुटवर शेल सॉर्टला साध्या इन्सर्शन सॉर्टपेक्षाही जास्त काम पडतं, हे सहसा कोणी करून बघत नाही. या लेखात ते १६ आकड्यांवर हाताने करून बघू, मग १०२४ आकड्यांवर चालवू. तसं का होतं हे एकदा कळलं, की गॅपची यादी पाठ करावी लागत नाही, ती पारखता येते.

आधी इन्सर्शन सॉर्टचं काम मोजू

```python
def insertion_sort(a):
    moves = 0
    for i in range(1, len(a)):
        x = a[i]
        j = i
        while j > 0 and a[j-1] > x:
            a[j] = a[j-1]
            j -= 1
            moves += 1
        a[j] = x
    return moves
```

डावीकडचा भाग लावलेला असतो. पुढचा आकडा `x` उचलायचा, त्याच्याहून मोठे आकडे एकेक घर उजवीकडे सरकवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी `x` ठेवायचा. एवढंच. `moves` मध्ये एकूण किती वेळा सरकवलं ते साठतं.

हा आकडा अंदाजाने सांगायची गरज नाही, तो नेमका सांगता येतो. अॅरेमध्ये मोठा आकडा आधी आणि लहान नंतर आला असेल, तर त्या दोघांना आपण उलटी जोडी म्हणू. मग ते शेजारी असोत की लांब. `[3, 1, 2]` मध्ये (३, १) आणि (३, २) अशा दोन उलट्या जोड्या आहेत. इन्सर्शन सॉर्टमध्ये एकदा सरकवलं की बरोबर एक उलटी जोडी सुटते, कमी नाही आणि जास्तही नाही. म्हणून एकूण सरकवणं म्हणजे सुरुवातीच्या उलट्या जोड्यांची संख्या.

संपूर्ण उलट्या क्रमातल्या अॅरेत `n(n-1)/2` उलट्या जोड्या असतात आणि कसेही विस्कटलेले आकडे घेतले, तर सरासरीने त्याच्या निम्म्या. १०२४ आकड्यांसाठी ही सरासरी २,६१,८८८ येते. आकडे दुप्पट केले की काम चौपट होतं. उलट, १० लाख आकड्यांचा अॅरे असला, पण प्रत्येक आकडा आपल्या खऱ्या जागेपासून जास्तीत जास्त ५ घरं लांब असला, तर उलट्या जोडीतले दोन आकडे एकमेकांपासून १० घरांच्या आतच सापडतात. मग सगळं काम एक कोटीच्या आत उरकतं. बऱ्यापैकी लावलेल्या अॅरेवर इन्सर्शन सॉर्टला तोड नाही. शेल सॉर्टची सगळी भिस्त याच गुणावर आहे.

शेल सॉर्ट: तोच कोड, लांब उडीने

इन्सर्शन सॉर्टची अडचण एवढीच, की शेवटच्या घरातला लहान आकडा पहिल्या घरात यायला एकेक घर चालत येतो. डोनाल्ड शेल यांनी १९५९ मध्ये यावर उपाय मांडला: आधी `h` घरं सोडून असलेल्या आकड्यांचा इन्सर्शन सॉर्ट करा, मग हा `h`, म्हणजेच गॅप, लहान करत करत १ वर या. `h` घरांची एक उडी मधल्या आकड्यांबरोबरच्या उलट्या जोड्याही सोडवू शकते. एका उडीत जास्तीत जास्त `2h-1` जोड्या सुटतात, तर एका घराच्या पावलात फक्त एक.

```python
def shell_sort(a, gaps):
    total = 0
    for h in gaps:
        moves = 0
        for i in range(h, len(a)):
            x = a[i]
            j = i
            while j >= h and a[j-h] > x:
                a[j] = a[j-h]
                j -= h
                moves += 1
            a[j] = x
        print(h, moves)
        total += moves
    return total
```

वरच्या कोडशी ओळीला ओळ लावून बघा. जिथे १ होता तिथे `h` आला आणि बाहेर गॅपचा एक लूप वाढला. `gaps` ही यादी मी मुद्दाम बाहेरून दिली आहे, म्हणजे कोडला हात न लावता वेगवेगळ्या याद्या तपासता येतील. प्रत्येक गॅपमागे किती सरकवलं ते छापायचंही त्यासाठीच, कारण दोष कुठे आहे ते एकूण बेरजेत दिसत नाही, फेरीनिहाय आकड्यांत दिसतं.

शेवटचा गॅप १ असतो, म्हणजे शेवटची फेरी हा साधा इन्सर्शन सॉर्टच. त्यामुळे यादी कितीही वाईट असली, तरी उत्तर बरोबरच येतं. प्रश्न उरतो तो इतकाच, की या शेवटच्या फेरीला किती उलट्या जोड्या शिल्लक राहतात.

१६ आकडे, दोन याद्या

लहान आठ आकडे क्रमाने सम इंडेक्सवर आणि मोठे आठ क्रमाने विषम इंडेक्सवर असलेला अॅरे घेऊ. दोन लावलेल्या याद्या एकाआड एक गुंफल्या, की असाच अॅरे तयार होतो.

```
1 9 2 10 3 11 4 12 5 13 6 14 7 15 8 16
```

यात उलट्या जोड्या किती? २ च्या आधी एक मोठा आकडा आहे, ३ च्या आधी दोन, असं करत ८ च्या आधी सात. बेरीज २८.

आता गॅप ८, ४, २, १ घ्या. गॅप ८ मध्ये १ ची तुलना ५ शी, ९ ची १३ शी, २ ची ६ शी होते. सगळे आधीच क्रमात आहेत, काहीच हलत नाही. गॅप ४ मध्ये `1 3 5 7`, `9 11 13 15`, `2 4 6 8` आणि `10 12 14 16` असे चार गट पडतात, तेही क्रमातच. गॅप २ मध्ये सगळे लहान एका गटात आणि सगळे मोठे दुसऱ्यात, पुन्हा शून्य. गॅप १ वर येईपर्यंत सम इंडेक्सवरच्या एकाही आकड्याची विषम इंडेक्सवरच्या आकड्याशी गाठ पडलेली नाही, आणि २८ च्या २८ उलट्या जोड्या तशाच आहेत. शेवटची फेरी ४३ तुलना करून त्या सोडवते. आधीच्या तीन फेऱ्यांनी ८, १२ आणि १४ तुलना वाया घालवल्या, म्हणजे एकूण ७७. साधा इन्सर्शन सॉर्ट थेट चालवला असता, तर ४३ तुलनांतच काम झालं असतं.

आता तोच अॅरे आणि गॅप ७, ३, १. गॅप ७ मध्ये इंडेक्स ०, ७, १४ वर `1 12 8` आहे, त्याचं `1 8 12` होतं. इंडेक्स १, ८, १५ वरच्या `9 5 16` चं `5 9 16` होतं. १० आणि ६ यांची अदलाबदल होते, ११ आणि ७ यांचीही. चारदा सरकवलं आणि अॅरे असा झाला:

```
1 5 2 6 3 7 4 8 9 13 10 14 11 15 12 16
```

जरा थांबून याकडे बघा. १ ते ८ सगळे डाव्या अर्ध्यात आणि ९ ते १६ सगळे उजव्या अर्ध्यात आले आहेत. चार उड्यांत उलट्या जोड्या २८ वरून १२ वर उतरल्या. गॅप ३ मध्ये पुन्हा चारदा सरकवावं लागतं:

```
1 3 2 4 5 7 6 8 9 11 10 12 13 15 14 16
```

आणि गॅप १ साठी (३, २), (७, ६), (११, १०), (१५, १४) या चारच जोड्या उरतात. एकूण सरकवणं २८ ऐवजी १२.

तुलना मात्र ४५ होतात, म्हणजे साध्या इन्सर्शन सॉर्टपेक्षा दोन जास्तच. १६ आकड्यांवर शेल सॉर्ट लावण्यात फायदा नाही, याचं हे सरळ उदाहरण. मोठमोठ्या लायब्ररीही लहान तुकड्यांसाठी इन्सर्शन सॉर्टच वापरतात: पायथनचा टिमसॉर्ट छोटे तुकडे लावायला त्याचाच एक प्रकार वापरतो आणि जीसीसीचा `std::sort` १६ पर्यंतचे तुकडे शेवटी त्याच्याकडेच सोपवतो.

१०२४ आकडे

```python
n = 1024
a = [0] * n
a[0::2] = range(1, n//2 + 1)
a[1::2] = range(n//2 + 1, n + 1)

shell_sort(a[:], [512, 256, 128, 64, 32, 16, 8, 4, 2, 1])
shell_sort(a[:], [511, 255, 127, 63, 31, 15, 7, 3, 1])
```

पहिल्या यादीवर स्क्रीनवर नऊ शून्यं येतात आणि मग `1 130816`. सगळं काम शेवटच्या फेरीवर पडलेलं असतं. `n` दुप्पट करून यादीत १०२४ वाढवा, तो आकडा ५,२३,७७६ होतो, म्हणजे चौपट. ६५,५३६ आकड्यांवर तो सुमारे ५३ कोटी ६८ लाखांवर जातो.

दुसऱ्या यादीवर शेवटचा आकडा किती येईल? तो चालवून बघाच, पण न चालवताही एवढं सांगता येतं, की तो ६,१४४ च्या वर जाऊच शकत नाही. या अॅरेवर नव्हे, १०२४ आकड्यांच्या कुठल्याही अॅरेवर. ही हमी कुठून येते, तेच गॅपच्या निवडीचं मर्म आहे.

हमी कुठून येते

यासाठी दोन गोष्टी लागतात. पहिली अशी: ७ च्या गॅपने लावलेला अॅरे नंतर ३ च्या गॅपने लावला, तरी ७ चा क्रम बिघडत नाही. हे वाचताना खरं वाटत नाही, कारण ३ च्या फेरीत आकडे इकडून तिकडे जातात. पण ते सिद्ध झालेलं आहे, आणि वरच्या उदाहरणात तपासताही येतं: गॅप ३ नंतर इंडेक्स ०, ७, १४ वर १, ८, १४ आहेत, क्रमातच. म्हणजे आधीच्या फेरीची कमाई पुढची फेरी घालवत नाही.

दुसरी गोष्ट त्यावरच उभी आहे. अॅरे ७ नेही लागलेला आहे आणि ३ नेही. मग इंडेक्स `i` वरचा आकडा `i+3` वरच्यापेक्षा मोठा नाही, `i+7` वरच्यापेक्षाही नाही. म्हणून `i+10` वरच्यापेक्षाही नाही, कारण आधी ३ ची उडी मारून मग ७ ची मारता येते. तुमच्या खिशात फक्त ३ आणि ७ रुपयांची नाणी आहेत असं समजा. सुटे न घेता जी रक्कम देता येते, तितक्या अंतरावरचे दोन आकडे क्रमात असणारच. न देता येणाऱ्या रकमा कोणत्या? १, २, ४, ५, ८ आणि ११. एवढ्याच. १२ पासून पुढची प्रत्येक रक्कम देता येते. म्हणजे उलटी जोडी उरलीच, तर ती या सहा अंतरांपैकी एकावरच असू शकते. प्रत्येक आकड्यामागे जास्तीत जास्त सहा, म्हणून १०२४ × ६ = ६,१४४.

आता खिशात ४ आणि २ रुपयांची नाणी ठेवा. एकही विषम रक्कम देता येत नाही. ८, १६, ५१२ अशी कितीही नाणी वाढवली, तरी फरक पडत नाही. विषम अंतरावरच्या जोड्यांबद्दल कसलीच हमी नाही, आणि आपला अॅरे नेमका तिथेच घाव घालतो. गॅपमधला सामाईक अवयव घात करतो तो असा.

सर्वसाधारण नियम: `p` आणि `q` यांना १ शिवाय सामाईक अवयव नसेल, तर न देता येणाऱ्या रकमा बरोबर `(p-1)(q-1)/2` असतात. शेवटच्या फेरीआधीचे दोन गॅप लहान आणि एकमेकांशी अवयव न जुळणारे असले, तर शेवटची फेरी हलकी जाते. त्याआधीच्या फेऱ्यांनाही हाच हिशोब लागू पडतो, फक्त अंतरं `h` च्या पटीत मोजायची.

मग १.५ घात कसा येतो

१, ३, ७, १५, ३१ ही `2^k - 1` ची यादी हिबार्ड यांनी १९६३ मध्ये सुचवली. तिच्यासाठी सर्वांत वाईट काम `n^1.5` च्या पटीत राहतं. वरच्या हिशोबावरून हे दोन पायऱ्यांत दिसतं.

गॅप `h` मोठा असताना `h` गट पडतात आणि प्रत्येकात सुमारे `n/h` आकडे असतात. प्रत्येक गटात वाईटात वाईट वर्गाच्या पटीत काम झालं, तरी एकूण `n²/h` च्या पटीत. `h` लहान होऊ लागला, की हा आकडा फुगतो. पण तेव्हा आधीच्या दोन गॅपची हमी कामाला येते. ते दोन गॅप `h` च्या साधारण दुप्पट आणि चौपट आहेत, त्यामुळे उलटी जोडी फार तर `8h²` च्या आसपासच्या अंतरापर्यंतच असू शकते. `h` च्या उडीने ते अंतर साधारण `8h` उड्यांत संपतं, म्हणजे फेरीचं काम `n × h` च्या पटीत. एक मर्यादा `h` कमी होताना वाढते, दुसरी कमी होते. दोन्ही `h = √n` च्या आसपास भेटतात आणि तिथे काम `n × √n`. बाकीच्या फेऱ्या दोन्ही बाजूंना झपाट्याने हलक्या होत जातात.

हीच कल्पना टोकाला नेली, तर प्रॅट यांची १९७१ ची यादी मिळते: ज्यांचे अवयव फक्त २ आणि ३ आहेत असे सगळे आकडे, १, २, ३, ४, ६, ८, ९, १२ वगैरे. इथे प्रत्येक `h` च्या आधी `2h` आणि `3h` येऊन गेलेले असतात. २ आणि ३ च्या नाण्यांनी न देता येणारी रक्कम एकच, १. म्हणजे कुठल्याही फेरीत आकडा जास्तीत जास्त एक उडी मारतो, आणि वाईटात वाईट काम `n log² n` च्या पटीत बसतं. कागदावर हे हिबार्डपेक्षा खूप चांगलं आहे. पण १० लाख आकड्यांसाठी असे १४२ गॅप होतात, हिबार्डचे १९. प्रत्येक फेरीला काही हलो न हलो, पूर्ण अॅरे चाळावाच लागतो, त्यामुळे प्रत्यक्षात प्रॅटची यादी मागे पडते. कमी गॅप घेतले तर प्रत्येक फेरी जड होते, जास्त घेतले तर फेऱ्याच जास्त होतात. चांगली यादी या दोन्हींच्या मधे असते. आणि कुठलीही यादी घेतली, तरी वाईटात वाईट इनपुटवर `n log n` गाठता येत नाही, हे १९९० च्या दशकात सिद्ध झालं आहे.

प्रत्यक्षात कोणती यादी घ्यायची

सोपी आणि सूत्राने तयार होणारी यादी हवी असेल, तर नुथ यांची १, ४, १३, ४०, १२१ घ्या. आधीच्या गॅपची तिप्पट करून १ मिळवायचा. लागून येणाऱ्या दोन गॅपना सामाईक अवयव असूच शकत नाही, हे सूत्रातच आहे. फाइल लहान करणाऱ्या bzip2 या प्रोग्रॅमच्या सोर्समध्ये हीच यादी आहे.

कमीत कमी तुलना हव्या असतील, तर मी चुरा यांची २००१ ची यादी वापरतो: १, ४, १०, २३, ५७, १३२, ३०१, ७०१. ही सूत्रातून आलेली नाही, त्यांनी प्रयोग करून शोधली. ४ आणि १० ला २ हा सामाईक अवयव आहे, पण त्यांच्या आधी २३ येऊन गेलेला असतो, आणि विषम रकमा तो सांभाळतो. ७०१ च्या पुढे २.२५ ने गुणत जायची पद्धत रूढ आहे:

```python
def gaps_for(n):
    g = [1, 4, 10, 23, 57, 132, 301, 701]
    while int(g[-1] * 2.25) < n:
        g.append(int(g[-1] * 2.25))
    return [h for h in reversed(g) if h < n]
```

यात यादी लहानाकडून मोठ्याकडे वाढवून मग उलटवली आहे, आणि त्याला कारण आहे. `h = int(h / 2.2)` असं वरून खाली येत गेलं, तर २ वरून थेट ० वर उडी पडते आणि १ ची फेरी होतच नाही. मग अॅरे जवळजवळ लागलेला दिसतो, पण मधेच दोन शेजारी उलटे राहतात. तसं दिसलं, की आधी यादीचा शेवट १ ने होतो का ते बघा. बाकी सगळं क्रमात आणि फक्त पहिल्या घरातला आकडा चुकीचा असेल, तर `j >= h` च्या जागी `j > h` लिहिलं गेलं आहे.

आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: शेल सॉर्टमध्ये सारख्या किमतींचा मूळ क्रम टिकत नाही. `[2, 2, 1]` वर गॅप २ लावला, की पहिला २ थेट शेवटी जातो आणि दुसऱ्या २ च्या मागे पडतो. नावाने लावलेली यादी पुन्हा गुणांनी लावायची असेल आणि समान गुणांत नावांचा क्रम टिकायला हवा असेल, तर इथे शेल सॉर्ट चालणार नाही. इन्सर्शन सॉर्ट तो क्रम टिकवतो.

तपासताना

निम्मा-निम्मा करणारी यादी १००० आकड्यांवर तपासली, तर तिचा दोष लपतो. गॅप ५००, २५०, १२५, ६२, ३१, १५, ७, ३, १ असे पडतात. १२५ विषम आहे, तिथेच सम आणि विषम घरांची गाठ पडते, आणि पुढे ३१, १५, ७, ३ हे तर हिबार्डचेच गॅप. १०२४ वर मात्र १ सोडून सगळे सम. कसेही विस्कटलेले आकडे घेतले, तरीही हा दोष ठळक दिसत नाही. म्हणून कुठलीही यादी तपासताना `n` म्हणून १०२४, २०४८, ४०९६ घ्या, वरचा गुंफलेला अॅरे द्या आणि फेरीनिहाय आकडे बघा. `n` दुप्पट झाल्यावर एकूण सरकवणं चौपट होत असेल, तर यादी वर्गाच्या पटीत काम करते आहे. `n^1.5` च्या हमीची यादी मोठ्या `n` वर २.८ पटीच्या फार पुढे जाऊ नये. एखाद्या फेरीपुढे एकदम मोठा आकडा आणि तिच्या आधी शून्यांची रांग दिसली, तर त्या फेरीच्या गॅपआधीचे सगळे गॅप लिहून काढा आणि त्या सगळ्यांना भागणारा आकडा शोधा.